परदेशी बाजाराचा लॅपटॉप घेताना: वॉरंटी, सुटे भाग आणि चार्जर पैसे देण्याआधीच कसे तपासावेत

दुसऱ्या देशात विकण्यासाठी बनलेला लॅपटॉप आपल्यापर्यंत साधारण तीन वाटांनी येतो. आपणच परदेशात असताना विकत घेतो, कुणी नातलग येताना घेऊन येतो, किंवा एखादा विक्रेता कंपनीच्या अधिकृत वितरकांना वगळून माल आणतो आणि इथे विकतो. या तिसऱ्या प्रकाराला ग्रे मार्केट म्हणतात. तिन्ही वाटांनी येणारं यंत्र बहुतेक वेळा अस्सल असतं आणि पहिल्या दिवशी ते इतर कोणत्याही लॅपटॉपइतकंच छान चालतं. फरक कळतो तो पहिला बिघाड झाल्यावर. सेवा केंद्रात गेल्यावर "हा आमच्या देशातला नाही" असं ऐकावं लागतं, आणि तोपर्यंत विक्रेत्याचा फोन लागेनासा झालेला असतो.

हे टाळता येतं, कारण लागणारी जवळजवळ सगळी माहिती पैसे देण्याआधी तपासता येते. फक्त ती विक्रेत्याला विचारून मिळत नाही. कंपनीच्या दृष्टीने वॉरंटी ही खोक्यावरच्या स्टिकरला किंवा बिलाला नव्हे, तर सिरियल नंबरला जोडलेली असते. त्या नंबरापुढे कंपनीच्या नोंदीत एक देश, एक सुरुवातीची तारीख आणि सेवेचा एक प्रकार लिहिलेला असतो. म्हणून पुढची सगळी तपासणी त्या नंबरापासून सुरू होते. विक्रेता खरेदीआधी सिरियल नंबर द्यायला तयार नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तिथून घेऊ नका.

पहिली पायरी: नंबर मिळवा आणि तो तीन ठिकाणी जुळतो का पाहा

सिरियल नंबर खोक्यावरच्या लेबलवर, लॅपटॉपच्या तळाशी आणि यंत्राच्या आत, विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बायोस या मूळ प्रणालीत असतो. डेलच्या यंत्रांवर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षर-अंकांचा असतो. सीलबंद खोकं असेल तर बाहेरच्या लेबलचा स्पष्ट फोटो मागवा. उघडलेलं किंवा वापरलेलं यंत्र असेल तर ते सुरू करून, विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून या दोन ओळी चालवा:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
Get-CimInstance Win32_ComputerSystem | Select-Object Manufacturer, Model, SystemSKUNumber
```

लिनक्सवर हेच काम असं होतं:

```
sudo dmidecode -s system-serial-number
```

मॅकवर टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

```
system_profiler SPHardwareDataType
```

आतला नंबर आणि तळाचा नंबर एकच असला पाहिजे. आतला रकाना रिकामा असेल किंवा तिथे `Default string` असं काही दिसत असेल, तर मदरबोर्ड कधीतरी बदलला गेला आहे आणि नवीन बोर्डवर नंबर नोंदवलेला नाही, असा अर्थ बहुधा निघतो. दोन वेगळे नंबर दिसले तर तळाचं झाकण किंवा बोर्ड दुसऱ्या यंत्राचा आहे. अशा यंत्रावर सेवा केंद्र वॉरंटीचं काम नाकारू शकतं, मग ते कोणत्याही देशाचं असो.

पहिल्या दोन ओळींपैकी दुसरी ओळ आणखी एक उपयोगी गोष्ट सांगते: यंत्र कोणत्या बाजारासाठी बनलं. एचपीच्या यंत्रांवर उत्पादन क्रमांकाच्या शेवटी `#` हे चिन्ह आणि त्यापुढे तीन अक्षरं असतात. `#ABA` असेल तर ते अमेरिकेसाठी, `#ABU` असेल तर ब्रिटनसाठी, `#ACJ` असेल तर भारतासाठी बनलेलं असतं. मॅकच्या भाग क्रमांकात तिरप्या रेषेआधीची अक्षरं हेच काम करतात. `LL/A` अमेरिकेचं, `J/A` जपानचं, `B/A` ब्रिटनचं, `HN/A` भारताचं. विक्रेता "हा इथलाच माल आहे" म्हणत असेल तर ही अक्षरं त्याचं म्हणणं लगेच पडताळून देतात.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर इथेच थोडं थांबा. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा विकतात आणि ते देशोदेशी पोहोचतात. त्यांतल्या काहींची नोंद जुन्या मालक-कंपनीच्या ऑटोपायलट यादीतून, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडच्या कंपनीच्या यंत्रांच्या नोंदीतून, काढलेली नसते. विंडोज पुन्हा टाकून इंटरनेटला जोडलं की कुण्या अनोळखी कंपनीचं साइन-इन पान समोर येतं आणि ते मालक-कंपनीशिवाय कुणालाच हटवता येत नाही. मॅकवर हाच त्रास जुन्या मालकाच्या खात्याशी यंत्र बांधून ठेवणाऱ्या ॲक्टिव्हेशन लॉकने होतो. त्यामुळे यंत्र संपूर्ण रिसेट करून, वायफाय जोडून, सुरुवातीची मांडणी शेवटपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण झालेली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बायोसला पासवर्ड आहे का हेही तेव्हाच पाहून घ्या.

दुसरी पायरी: कंपनीच्या पानावर वॉरंटी वाचा

प्रत्येक मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून वॉरंटी पाहता येते. लेनोवोचं पान `pcsupport.lenovo.com`, एचपीचं `support.hp.com`, डेलचं `dell.com/support`, ॲपलचं `checkcoverage.apple.com`. विक्रेत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. नंबर स्वतः टाइप करा.

तिथे बहुतेक लोक "वॉरंटी चालू आहे" एवढी हिरवी खूण पाहतात आणि पान बंद करतात. मला वाटतं, खरी वाचायची गोष्ट सुरुवातीची तारीख आहे. वॉरंटीचं घड्याळ आपण खोकं उघडतो तेव्हा सुरू होत नाही. पहिल्या विक्रीची नोंद झाली असेल तर त्या तारखेपासून ते चालू होतं, आणि नोंदच नसेल तर अनेकदा माल कारखान्यातून निघाला त्या सुमारापासून. ग्रे मार्केटचा माल वितरकाकडून निघून, कुठल्यातरी गोदामात थांबून, समुद्र किंवा विमानतळ ओलांडून आपल्यापर्यंत येतो. या प्रवासात वर्षातले कित्येक महिने निघून गेलेले असतात. सीलबंद खोक्यातल्या नव्याकोऱ्या यंत्राची निम्मी वॉरंटी संपलेली असणं ही अजिबात विरळा गोष्ट नाही.

अधिकृत दुकानातून घेतलं असेल तर बिल दाखवून ही तारीख दुरुस्त करून मिळते. ग्रे विक्रेत्याचं बिल मात्र कंपनी खरेदीचा पुरावा म्हणून मानेलच असं नाही, कारण तो तिचा अधिकृत विक्रेता नसतो. म्हणून नातलगाकडून मागवत असाल तर त्याला एवढंच सांगा की अधिकृत दुकानातूनच घे, बिलावर सिरियल नंबर छापून घे आणि त्या बिलाची स्वच्छ प्रत पाठव. परदेशात जाऊन स्वतः घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

दुसरी वाचायची गोष्ट म्हणजे देश आणि सेवेचा प्रकार. इथे कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. लेनोवोकडे आंतरराष्ट्रीय वॉरंटी सेवा नावाची सोय आहे, पण ती सगळ्या मॉडेलना नसते. शिवाय ज्या देशात सेवा हवी तिथे कंपनी ते मॉडेल विकत आणि दुरुस्त करत असली पाहिजे. एसरच्या काही लॅपटॉपना प्रवाशांसाठीची आंतरराष्ट्रीय वॉरंटी असते. डेलकडे यंत्राची नोंद एका मालकाकडून दुसऱ्याकडे आणि एका देशातून दुसऱ्या देशात हलवण्याचा अर्ज करता येतो; वापरलेलं डेल घेताना तो अर्ज कोण करणार हे आधीच ठरवा, कारण त्यासाठी जुन्या मालकाची माहिती लागते. ॲपलच्या मॅकची मर्यादित वॉरंटी साधारणपणे दुसऱ्या देशातही मानली जाते, पण तिथे सेवा कोणत्या स्वरूपात मिळेल आणि कोणते भाग उपलब्ध असतील हे त्या देशावर ठरतं.

वॉरंटी सीमा ओलांडते तेव्हाही ती जशीच्या तशी ओलांडत नाही. घरी येऊन दुरुस्ती करण्याची सेवा बहुधा सेवा केंद्रात नेऊन देण्याच्या सेवेवर येते. पडझड किंवा पाणी सांडण्याचं वेगळं विकत घेतलेलं संरक्षण अनेकदा मूळ देशापुरतंच राहतं. बॅटरी तर तीन वर्षांच्या वॉरंटीतही पुष्कळदा एकच वर्ष धरलेली असते. तेव्हा "तीन वर्षं" हा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. त्या तीन वर्षांत आपल्या पत्त्यावर प्रत्यक्ष काय मिळणार हे विचारा.

विचारायचं कसं

कंपनीच्या आपल्या देशातल्या मदत केंद्राला "या लॅपटॉपला आंतरराष्ट्रीय वॉरंटी आहे का?" असं विचारलं तर बहुधा "हो" असंच उत्तर येतं, आणि त्या उत्तराचा पुढे काही उपयोग होत नाही. प्रश्न असा हवा की उत्तर देणाऱ्याला नंबर टाकून पाहावंच लागेल. फोनपेक्षा चॅट किंवा ईमेल बरा, कारण उत्तर लेखी राहतं. मजकूर साधारण असा लिहा:

"माझ्याकडे या सिरियल नंबरचा लॅपटॉप आहे. तो दुसऱ्या देशात विकला गेला आहे. मी आता या देशात राहतो. मदरबोर्ड किंवा स्क्रीन बिघडली तर वॉरंटीत इथल्या सेवा केंद्रात दुरुस्ती होईल का? यंत्र केंद्रात आणून द्यायचं की कुणी घरी येईल? या मॉडेलचे भाग या देशात मागवता येतात का? मूळ बिल कोणत्या स्वरूपात लागेल? कृपया या चौकशीचा संदर्भ क्रमांक द्या."

यात मदरबोर्ड आणि स्क्रीन यांची नावं मुद्दाम घेतली आहेत. नुसतं "दुरुस्ती" म्हटलं की सॉफ्टवेअरची मदतही त्यात मोडते आणि उत्तर गोलमोल येतं. संदर्भ क्रमांक जपून ठेवा. वर्षभराने केंद्रातला माणूस नाही म्हणाला, तर तुमच्या हातात कंपनीचंच लेखी उत्तर असेल.

तिसरी पायरी: भाग मिळतील का

वॉरंटी मान्य होणं आणि दुरुस्ती होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा केंद्र आपल्या देशात विकल्या गेलेल्या मॉडेलांचे भाग ठेवतं. एकाच नावाची मालिका दोन देशांत विकली जात असली तरी आतली स्क्रीन, बोर्ड, कीबोर्ड वेगळे असू शकतात. म्हणून कंपनीच्या स्थानिक संकेतस्थळावर तीच मालिका दिसते का ते पाहा, आणि मग प्रोसेसर, स्क्रीनचं रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स चिप या तीन गोष्टी जुळवा. तिन्ही जुळत असतील तर महत्त्वाचे भाग मिळण्याची शक्यता चांगली. मालिकाच दिसत नसेल, तर वॉरंटी मान्य होऊनही यंत्र भागाची वाट पाहत केंद्रात पडून राहू शकतं.

कीबोर्डकडे वेगळं लक्ष द्या, कारण तो सगळ्यात जास्त झिजतो आणि देशागणिक बदलतो. अमेरिकी मांडणीत एंटर की आडवी, एका ओळीची असते. ब्रिटन आणि युरोपच्या बहुतेक मांडणींत ती दोन ओळी व्यापते आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जादा की येते. जपानी मांडणीत स्पेसबार आखूड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जादा कळा असतात. हा फरक नुसत्या छापलेल्या अक्षरांचा नाही. खाचांची रचनाच वेगळी असते. आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पत्र्याला चिकटवलेला किंवा रिव्हेट केलेला असतो. त्यामुळे मांडणी जुळली नाही तर कीबोर्डबरोबर सगळा वरचा भागच बदलावा लागतो. आपल्या देशात जी मांडणी सर्रास विकली जाते तीच असलेलं यंत्र निवडलं तर पुढचा मोठा त्रास वाचतो.

"बिघडलं तर परत त्या देशात पाठवू" हा मार्ग पुष्कळांच्या मनात असतो. तो कागदावर शक्य असला तरी जाण्या-येण्याचा खर्च आणि सीमाशुल्काची कागदपत्रं आपल्या गळ्यात येतात. आणि एका बाबतीत तो पूर्ण बंद आहे: फुगलेली किंवा सदोष लिथियम बॅटरी हवाई मालवाहतुकीत स्वीकारली जात नाही. बॅटरी फुगली आहे म्हणून लॅपटॉप वॉरंटीसाठी विमानाने परत पाठवता येणार नाही. बॅटरी इथेच मिळायला हवी, एवढं गृहीत धरून चला.

ग्रे विक्रेते बहुधा स्वतःची वॉरंटी देतात. ती कंपनीची नसते, आणि तसं असण्यात गैरही काही नाही. काही विक्रेते ती प्रामाणिकपणे पाळतात. फक्त ती बिलावर लिहून घ्या. किती महिने, कोणते भाग धरलेले, दुरुस्ती नाही झाली तर बदली यंत्र की पैसे परत, आणि दुरुस्तीला किती दिवस. "सेलर वॉरंटी" एवढेच दोन शब्द बिलावर असतील तर ते न लिहिल्यासारखेच समजा.

चौथी पायरी: चार्जर

चार्जरच्या बाबतीत सगळ्यात जास्त भीती व्होल्टेजची वाटते, आणि प्रत्यक्षात ती सगळ्यात कमी खरी आहे. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० आणि युरोप-आशियाच्या बऱ्याच भागांत २३० व्होल्ट असतात. लॅपटॉपचा ॲडॉप्टर ही सगळी मर्यादा स्वतःच सांभाळतो. त्याच्या लेबलवर बारीक अक्षरांत असं लिहिलेलं असतं:

```
INPUT: 100-240V~ 50-60Hz
OUTPUT: 19.5V 3.33A
```

पहिली ओळ अशी असेल तर ट्रान्सफॉर्मर किंवा व्होल्टेज कन्व्हर्टर लागत नाही. प्रवासासाठी मिळणारे स्वस्त कन्व्हर्टर तर लावूच नका. त्यांतले काही हीटर आणि इस्त्रीसारख्या उपकरणांसाठी असतात आणि विजेची लहर कापून व्होल्टेज उतरवतात. लॅपटॉपच्या ॲडॉप्टरला तशी वीज सोसत नाही. ही ओळ प्रत्येक वस्तूवर स्वतंत्रपणे वाचा. लॅपटॉपसोबत आलेला डॉक, मॉनिटर किंवा प्रिंटर फक्त 120V साठी बनलेला असू शकतो.

खरी चूक होते ती वायरीत. ॲडॉप्टर सगळीकडे चालतो, पण त्याला लावायची वायर चालेलच असं नाही. अमेरिका आणि जपानच्या वायरींवर `125V` असं छापलेलं असतं, म्हणजे ती वायर आणि तिचा प्लग २३० व्होल्टसाठी मंजूर नाही. तिच्या टोकाला पिनबदलाचा छोटा ठोकळा लावून ती २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचणं ही सर्रास दिसणारी सवय आहे, आणि ती सोडायला हवी. त्यापेक्षा ॲडॉप्टरची मागची बाजू पाहा. तिथे तीन गोल एकत्र जोडल्यासारखा आकार असेल तर त्यात बसणाऱ्या वायरीच्या टोकाला C5 म्हणतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन पिनांचा असेल तर C7. मोठ्या ॲडॉप्टरला संगणकाचं नेहमीचं C13 असतं. ही नावं जगभर एकच आहेत. आपल्या देशाचा प्लग आणि त्या टोकाची, प्रमाणित खूण असलेली वायर विकत घ्या. ही वायर स्वस्त असते, आणि चार्जरच्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

C5 आणि C13 मध्ये तिसरी पिन अर्थिंगची असते. ती पिन टाळणारा दोन पिनांचा ठोकळा लावला की धातूच्या लॅपटॉपवरून बोट फिरवताना बारीक झिणझिण्या जाणवतात. ॲडॉप्टरच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी क्षीण प्रवाह बाहेरच्या बाजूला येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. प्रवाह सुरक्षित मर्यादेत असला तरी झिणझिण्यांचा अर्थ एवढाच की अर्थिंग जोडलेलं नाही. तीन पिनांची वायर लावूनही त्या येत राहिल्या तर आधी भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

मूळ चार्जर हरवला किंवा आलाच नाही तर पर्यायी चार्जर निवडताना दुसरी ओळ कामाला येते. व्होल्ट जुळले पाहिजेत. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त चालतात, कारण यंत्र हवा तेवढाच प्रवाह ओढतं. कमी चालत नाहीत. लेबलवरच्या छोट्या चित्रात टोकाच्या आत अधिक आणि बाहेर उणे असं असतं, तेही जुळवा.

एवढं जुळूनही एक अडचण उरते. डेल आणि एचपीच्या गोल टोकांच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून ॲडॉप्टर लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो. डेल आणि एचपी दोघांकडेही ४.५ मिलिमीटरचं टोक आहे, ते एकमेकांत बसतंही, पण ओळखीची पद्धत वेगळी. परिणामी यंत्र सुरू होतं, मात्र बॅटरी चार्ज होत नाही. डेलवर सुरू होताना `The AC power adapter wattage and type cannot be determined` असा संदेश येतो. त्यापुढे प्रोसेसरचा वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून राहतो, आणि लोक विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतात. नवा चार्जर घेतल्यावर यंत्र अचानक मंद झालं असेल तर आधी बायोसमध्ये जा. डेलसारख्या यंत्रांत तिथे ओळखलेला ॲडॉप्टर आणि त्याचे वॉट दिसतात. तिथे `Unknown` दिसलं की दोष चार्जरमध्ये किंवा त्या सुईत आहे.

यूएसबी-सीने चार्ज होणाऱ्या यंत्रांनी हे पुष्कळ सोपं केलं आहे. परदेशी यंत्र घेताना मी तरी यूएसबी-सीवर पॉवर डिलिव्हरी या सामायिक चार्जिंग पद्धतीने वीज घेणाऱ्यालाच पसंती देईन, कारण त्याचा चार्जर कोणत्याही देशात, कोणत्याही चांगल्या कंपनीचा मिळतो. फक्त वॉट पाहायचे: मूळ चार्जर ६५ वॉटचा असेल तर ६५ किंवा अधिक. ६० वॉटच्या वर जायचं तर केबलही पाच अँपिअरची, आत ओळखचिप असलेली लागते. साधी केबल असेल तर मोठा चार्जरही ६० वॉटवरच थांबतो. गेमिंग लॅपटॉपचा मूळ चार्जर १८० किंवा २४० वॉटचा असतो. असं यंत्र यूएसबी-सीवर चालू राहिलं तरी जड कामात बॅटरी उतरत जाते, तेव्हा त्याला मूळ जाडा चार्जर हवाच.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, विक्रेता एचपीचा १४ इंची लॅपटॉप देतो आहे. त्याचं म्हणणं: सीलबंद, नवा, एक वर्षाची आंतरराष्ट्रीय वॉरंटी. खोक्याच्या लेबलचा फोटो मागवला तर उत्पादन क्रमांकाच्या शेवटी `#ABA` दिसतं, म्हणजे अमेरिकेच्या बाजाराचा माल. सिरियल नंबर `support.hp.com` वर टाकला तर वॉरंटी सात महिन्यांपूर्वी सुरू झालेली आहे. एक वर्षाचं वचन इथेच पाच महिन्यांवर आलं.

मदत केंद्राला वरचा मजकूर पाठवला. समजा उत्तर आलं की यंत्र केंद्रात आणून दिल्यास उरलेल्या मुदतीत काम होईल, पण या विक्रेत्याच्या बिलावर तारीख बदलता येणार नाही. स्थानिक संकेतस्थळावर तीच मालिका आहे, प्रोसेसर तोच, स्क्रीन मात्र कमी रिझोल्यूशनची. म्हणजे बोर्ड बहुधा मिळेल, स्क्रीन बाहेरून मागवावी लागेल. कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा आहे आणि स्थानिक मॉडेललाही तोच असेल तर ती काळजी मिटली.

चार्जरच्या लेबलवर वर दिलेल्याच दोन ओळी आहेत. १९.५ गुणिले ३.३३ म्हणजे ६५ वॉट. ॲडॉप्टर २३० व्होल्टवर चालेल, मागे तीन गोलांचं भोक आहे म्हणून C5 टोकाची स्थानिक वायर घ्यायची, सोबतची `125V` ची वायर बाजूला ठेवायची. यंत्राचा यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग घेतो का हे कंपनीच्या तपशीलपत्रात पाहिलं. घेत असेल तर ६५ वॉटचा पॉवर डिलिव्हरी चार्जर पर्याय म्हणून पुरेसा आहे.

आता विक्रेत्याशी बोलणं सोपं होतं, कारण मागणी नेमकी आहे. कंपनीची पाच महिन्यांची वॉरंटी संपल्यावर पुढचे सात महिने बोर्ड आणि स्क्रीनची जबाबदारी त्याने बिलावर लिहून द्यावी, किंवा तेवढ्या जोखमीचे पैसे किमतीतून कमी करावेत. स्क्रीनची अट मुद्दाम धरायची, कारण तोच भाग इथे सहज मिळणार नाही. दोन्हींना तो नाही म्हणाला तर हे यंत्र सोडून स्थानिक मॉडेलच घेतलेलं बरं, थोडं महाग पडलं तरी.

तो तयार झाला तर खोकं त्याच्यासमोर उघडा आणि लेबलवरचा, तळाचा आणि बायोसमधला नंबर जुळवा. मग `powercfg /batteryreport` ही आज्ञा चालवा. तयार झालेल्या अहवालात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे शेजारी दिसतात. नव्या यंत्रात ते जवळजवळ सारखे असतात. दुसरा आकडा बराच खाली असेल किंवा `CYCLE COUNT` शंभराच्या घरात असेल, तर यंत्र नवं नाही, आणि ते त्याच टेबलावर परत करायचं.